काळ्या ग्रॅनाइटच्या स्लॅबचं वजन : दीडशे किलो की तीनशे?

प्रश्न : साताऱ्यात गोडोलीला घराचं काम चालू आहे. ओटा, जिना आणि खिडक्यांसाठी काळ्या ग्रॅनाइटचे ६ स्लॅब मिरजेत पसंत केलेत. माप ९ फूट ६ इंच × ६ फूट, जाडी १८ मिमी. दुकानदार म्हणतो एक स्लॅब दीडशे किलोचा आहे, आमचा मिस्त्री म्हणतो तीनशेचा. वजन नक्की कसं काढायचं? सगळे छोट्या हत्तीतून येतील का? आणि पहिल्या मजल्यावर चढवायला किती माणसं लागतील?

उत्तर :

मिस्त्रीचं ऐका. एक स्लॅब साधारण २८५ किलोचा आहे. छोट्या हत्तीत सहा सोडाच, एकही नीट बसणार नाही. आणि अख्खा स्लॅब माणसांनी जिन्यावरून चढवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडून द्या.

आता हिशोब. दगडाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करून आलेलं घनफळ, गुणिले त्या दगडाची घनता. सगळं मीटरमध्ये घेतलं तर तुमचा स्लॅब २.८९६ × १.८२९ मीटर, म्हणजे ५.३ चौरस मीटरला थोडा कमी. त्याला ०.०१८ मीटर जाडीने गुणलं की ०.०९५३ घनमीटर. काळ्या ग्रॅनाइटची घनता घनमीटरला सुमारे ३००० किलो धरली, की उत्तर २८६ किलो.

पण आपल्याकडे माप फुटात आणि जाडी मिमीमध्ये बोलतात, म्हणून गोडाउनमध्ये उभं राहून करायचा हिशोब वेगळा आहे. एक चौरस फूट, एक मिमी जाड दगडाचं वजन साधारण पाव किलो भरतं. म्हणून :

```
किलो = चौरस फूट × मिमी ÷ ४
काळा ग्रॅनाइट असेल तर वर आणखी ११ टक्के
```

तुमचा स्लॅब ५७ चौरस फुटांचा. ५७ गुणिले १८ भागिले ४ म्हणजे २५६, त्यावर ११ टक्के म्हणजे २८५. मीटरने काढलेल्या उत्तराशी एक किलोचा फरक. आणखी सोपं हवं असेल तर १८ मिमी काळा ग्रॅनाइट म्हणजे चौरस फुटाला ५ किलो, एवढं डोक्यात ठेवा. हाच दगड इलकलचा लाल किंवा मकराण्याचा संगमरवर असता तर साडेचार किलो.

हे ११ टक्के कुठून आले? काळा 'ग्रॅनाइट' हा बाजारातला शब्द आहे. भूशास्त्राच्या भाषेत त्यातले बहुतेक दगड ग्रॅनाइट नसतातच, ते गॅब्रो किंवा डोलेराइट असतात. अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ बेसॉल्ट आहे. हे दगड त्याच भावकीतले, फक्त जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेले. लोह आणि मॅग्नेशियमची खनिजं जास्त असल्यामुळे त्यांची घनता २९०० ते ३०५० च्या आसपास जाते. खरा ग्रॅनाइट क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचा, तो २६०० ते २७५० मध्ये राहतो. चुनखडीतून तयार झालेला संगमरवरही २७०० च्या जवळच. 'मार्बल हलका, ग्रॅनाइट जड' असं सर्रास म्हटलं जातं, पण लाल किंवा पांढऱ्या ग्रॅनाइटच्या बाबतीत त्यात फारसा अर्थ नाही. जड आहे तो काळा.

दुकानदार तुम्हाला फसवत होता असं मी म्हणणार नाही. १० × ३ फुटांचा कटर साइजचा काळा स्लॅब बरोबर दीडशे किलोचा असतो. दिवसभर तोच माल हाताखालून जातो, त्यामुळे 'स्लॅब' म्हटलं की तोंडात दीडशेच येतं. तुमचा गँगसॉचा, म्हणजे मोठ्या करवतीवर कापलेला आहे, जवळपास दुप्पट क्षेत्रफळाचा. म्हणून वजन विचारताना 'एका स्लॅबचं वजन किती' असं विचारू नका, 'चौरस फुटाला किती किलो' असं विचारा.

गुणाकार कुणालाही येतो. चुकतं ते त्यात घातलेलं माप. जाडीपासून सुरू करू. १८ मिमी म्हणून विकला जाणारा माल १६.५ पासून १९.५ पर्यंत काहीही निघू शकतो, आणि एकाच स्लॅबच्या दोन टोकांत एक मिमीचा फरक असणं नेहमीचं. जुने मिस्त्री 'सहा सूत' म्हणतात, म्हणजे पाऊण इंच, म्हणजे १९ मिमी. बिलावर १८ लिहिलेलं असतं. तुमच्या स्लॅबमध्ये एका मिमीला जवळजवळ १६ किलो पडतात. सहा स्लॅबमध्ये ९५. व्हर्नियर घेऊन जा, चार कोपरे आणि लांब कडांचा मध्य अशा सहा ठिकाणी मोजा आणि सरासरी धरा. मोल्डिंग केलेल्या किंवा फुटलेल्या कडेवर मोजू नका. इटालियन मार्बलसारख्या मालाला मागून जाळी आणि रेझिन लावलेलं असतं, तिथे जाळीचा एखादा मिमी दगडात धरला जाणार नाही एवढं बघा.

क्षेत्रफळाची चूक जास्त गमतीची आहे. बिलातलं माप आणि गाडीत चढणारं माप एक नसतं. वेड्यावाकड्या कडा आणि तुटका कोपरा सोडून, हातात काय लागेल ते मोजून बिल होतं. ग्राहकाच्या दृष्टीने ते योग्यच, पण सोडलेला दगड गाडीत बसतोच. बिलावर ९ फूट ६ इंच × ६ फूट असलेला स्लॅब टोकाला टोक लावून मोजलात तर ९ फूट ८ इंच × ६ फूट १ इंच भरू शकतो. ते ५८.८ चौरस फूट झाले, वजन २८५ चं २९४. दुसरी चूक कॅल्क्युलेटरवरची. ९ फूट ६ इंच हे ९.५ आहे, ९.६ नाही. हा फरक किरकोळ आहे, पण ९ फूट १० इंचाला ९.१० दाबणारे मी कितीतरी पाहिलेत. ते ९.८३ आहे. तिथे एका दणक्यात साडेसात टक्के वजन कागदावरून नाहीसं होतं. इंचांना आधी १२ ने भागा, मगच बेरीज करा.

घनतेबद्दल शंका असेल, किंवा तीनही आकड्यांवर भरवसा नसेल, तर मी जे करतो ते करा. त्याच लॉटमधल्या कटिंगचा एक तुकडा मागून घ्या, त्याचा बरोबर १२ × १२ इंचांचा चौकोन काढून घ्या आणि शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. जाडी आणि घनता दोन्ही त्या एका आकड्यात आली. काटा ५.१० दाखवत असेल, तर ५८.८ ने गुणा, ३०० किलो. तुकडा पाऊण फुटाचा वाकडातिकडा असेल तर घनता वेगळी काढता येते. लगेज मोजायच्या हुकच्या काट्याला सुतळीने तुकडा टांगा आणि वजन लिहा, समजा १.२४ किलो. मग तो तळाला किंवा कडेला न टेकता पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवून पुन्हा वाचा, समजा ०.८३. पाण्याने ०.४१ किलो उचलून धरलं. १.२४ भागिले ०.४१ म्हणजे ३.०२, म्हणजे घनता ३००० च्या जवळ. दगड काळाच आहे, रंग लावलेला नाही, हेही यातून जाता जाता कळतं. काळा करून विकलेला करडा ग्रॅनाइट २.७ च्या आसपास येईल.

पावसात भिजलेला माल जड होतो का, असं हमाल नेहमी विचारतात. पॉलिश ग्रॅनाइट वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी पितो, तुमच्या स्लॅबला किलो-दीड किलो. जड नाही होत, निसरडा होतो.

या सगळ्यानंतर नियोजनासाठी मी तुमचा स्लॅब ३०० किलोचा धरेन. यापुढचे आकडे मी कागदावरच्या २८६ चेच देतो, म्हणजे पडताळता येतील, पण गाडी, क्लॅम्प आणि माणसं ठरवताना ३०० धरा.

आता गाडी. छोट्या हत्तीचा हौदा सात-आठ फुटांचा, स्लॅब साडेनऊ फुटी. इथेच विषय संपतो, तरी वजन बघू. त्याची वहनक्षमता मॉडेलनुसार पाऊण टनाच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीच्या आरसी बुकात सापडतो : एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. त्या आकड्यात दगडच नाही, लोखंडी ए-फ्रेम आणि मागे बसणारी माणसंही येतात, हे लोक विसरतात. तुमचे सहा स्लॅब १७१६ किलो, अँगलची ए-फ्रेम दीडशेच्या घरात, तीन हमाल दोनशे. झाले २०६६. स्लॅब तीनशेचे निघाले तर २१५०. पिकअपमध्ये हे बसत नाही. दहा फुटी हौद्याच्या ४०७ मध्ये बसेल, पण काठोकाठ. आरसी बुक बघितल्याशिवाय हो म्हणू नका. मी असतो तर चौदा फुटी आयशर घेतली असती. मिरजेहून आष्ट्यावरून पेठ नाका गाठेपर्यंत किती गतिरोधक आहेत ते तुम्हाला माहीत आहे, आणि प्रत्येक गतिरोधकावर स्प्रिंगांना हेच वजन क्षणभर जास्त वाटतं.

स्लॅब उभेच न्यायचे, ए-फ्रेमच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, मध्ये लाकडी पट्ट्या, खाली रबर किंवा गोणपाट. आडवा ठेवला की हौद्याच्या पत्र्याच्या उंचवट्यावर तो मधून वाकतो आणि तडकतो. उतरवताना एकदा इकडचा, एकदा तिकडचा असा क्रम ठेवा. एका बाजूचे तिन्ही काढले तर दुसऱ्या बाजूला साडेआठशे किलो एकटेच उरतात आणि फ्रेम पट्ट्यांसकट कलंडते.

इथे एका गोष्टीवर थोडा वेळ घालवतो, कारण आमच्या धंद्यात माणसं याच गोष्टीने जायबंदी होतात. पट्टा सोडल्यावर स्लॅब उलट्या बाजूला झुकला, की उभा असलेला माणूस प्रतिक्षिप्तपणे हात लावतो. सहा फूट उंच, २८६ किलोचा स्लॅब, आणि माणूस खांद्याच्या उंचीवर, साडेचार फुटांवर धरतोय. स्लॅब सरळ रेषेपासून १० अंश झुकला असेल तर त्याला सुमारे ३४ किलोचा जोर लावावा लागतो. जमतं. २० अंशांवर ७० किलो. ३० अंशांवर ११०. म्हणजे पहिल्या क्षणी 'धरलाय, धरलाय' असं वाटतं, आणि दोन पावलं मागे सरकेपर्यंत जोर तिप्पट झालेला असतो. आणि हे एकाच स्लॅबचं. सहाचा गठ्ठा चिकटून आला तर १० अंशांवरच दोनशे किलो. म्हणून आमच्याकडे नियम असा : पट्टा सोडणारा माणूस टोकाला उभा राहतो, स्लॅबच्या समोर कधीच नाही, आणि पडायला लागलेला दगड पडू द्यायचा. दगडाची किंमत बिलावर लिहिलेली असते.

हायड्राने उतरवणार असाल तर क्रेनवाल्याला एका स्लॅबचं वजन नाही, एका वेळी हुकला लटकणारं सगळं वजन सांगा, क्लॅम्पसकट. '१२ टनी हायड्रा' म्हणजे बूम आखूड असताना १२ टन. बूम लांब काढून कंपाउंड भिंतीवरून आत टाकायचं असेल तर क्षमता फारच खाली येते, ती केबिनमधल्या तक्त्यावर लिहिलेली असते. एकेक स्लॅब क्लॅम्पने उचलताना क्लॅम्पवरची पाटी वाचा. त्यावर किलोबरोबर जाडीची मर्यादाही असते. गठ्ठा दोन पट्ट्यांवर उचलायचा असेल तर पट्टे वर जितके फाकतील तितका प्रत्येकावरचा ताण वाढतो. दोघांमध्ये ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येक पट्ट्यावर वजनाच्या ५८ टक्के येतात. १२० अंशांचा असेल तर प्रत्येक पट्ट्यावर अख्खं वजन. आखूड पट्टा दिसतो मजबूत, पण जास्त फाकतो.

वजनाच्या पाटीवरून माझं एकदा हसं झालंय, ते सांगतो. कराडजवळ एका बंगल्याच्या कामावर ७ × ५ फुटांचा, ३० मिमी काळा स्लॅब गच्चीवर घ्यायचा होता. मी तोंडी हिशोब केला, ३५ गुणिले ३० भागिले ४, म्हणजे २६२ किलो. साइटवरच्या मिनी लिफ्टच्या मोटरवर ३०० लिहिलेलं होतं. चढवा म्हटलं. दहा फूट वर गेल्यावर मोटरने सूर बदलला, मग थांबली, मग ड्रम ब्रेक धरेना आणि स्लॅब सावकाश उलटा खाली यायला लागला. खाली कुणी नव्हतं हे नशीब. कोपऱ्यावर टेकला आणि हातभर तुकडा गेला. नंतर बसून बघितलं तर दोन चुका माझ्याच. काळ्याचे ११ टक्के मी धरले नव्हते आणि जाडी मोजली तर ३२ मिमी निघाली. स्लॅब ३११ किलोचा होता. तिसरी गोष्ट त्याहून वाईट : पाटीवर नीट वाचलं तर १५०/३०० असं होतं. एकेरी दोरावर १५०, हुकला कप्पी लावून दोर दुहेरी केला तर ३००. आमचा दोर एकेरी होता. दुप्पट वजन लावूनही ती मोटर दहा फूट चढली, हेच आश्चर्य. या छोट्या मोटरांवर असे दोन आकडे बऱ्याचदा असतात, आणि साइटवर सगळ्यांच्या लक्षात मोठाच राहतो.

तर आता तुमचा पहिला मजला. सपाट जमिनीवर मी माणशी ३० किलो धरतो, जिन्यावर २०-२५. तुमच्या अख्ख्या स्लॅबला जिन्यावर बारा माणसं लागतील, आणि साडेनऊ फुटांच्या लांबीत माणशी दोन-सव्वादोन फूट जागा धरली तर दोन्ही बाजू मिळून आठच उभी राहतात. माणसं वाढवून हे गणित सुटत नाही. माल मिरजेतच मापाने कापून घ्या. ओट्याचा ८ फूट × २ फूट २ इंचांचा तुकडा १७.३ चौरस फुटांचा, म्हणजे ८७ किलो, चार माणसं. जिन्याची साडेतीन फूट × ११ इंचांची पायरी १६ किलोची, एक माणूस बगलेत घेऊन जाईल.

चार माणसं म्हणजे प्रत्येकाला २२ किलो, हे फक्त सपाटीवर खरं. तुकडा कडेवर उभा धरून जिना चढताना दगडाचा भार हातांच्या वर असतो, त्यामुळे जिना जितका उभा तितका भार खालच्या दोघांकडे सरकतो. ताकदीची जोडी खाली ठेवा, आणि वरच्यांनी ओढायचं नाही, फक्त दिशा द्यायची. मिनी लिफ्ट लावणार असाल तर ८७ किलो एकेरी दोरालाही पेलतील, पण पाटी वाचून.

एक मात्र करा. ओट्यातलं सिंकचं भोक खाली पाडू नका. २४ × १८ इंचांचं भोक ३ चौरस फुटांचं असतं, तुकडा १५ किलोने हलका होतो म्हणून मिस्त्री आधी कापायला उत्सुक असतो. पण मग पुढे-मागे तीन-चार इंचांच्या दोन पट्ट्यांवर उरलेले ७२ किलो लटकतात, आणि जिन्याच्या वळणावर तुकडा नेमका तिथे मोडतो. भोक वर नेऊन, ओट्यावर बसवून झाल्यावर पाडा.

शेवटची खात्री वजनकाट्यावर होते. गाडी रिकामी, फ्रेमसकट एकदा काट्यावर घ्या आणि माल भरून पुन्हा. दोन्ही वेळा माणसं खाली उतरलेली हवीत आणि डिझेल मध्ये भरलेलं नको. काटा साधारण ५ किंवा १० किलोच्या टप्प्यात वाचतो, त्यामुळे एका स्लॅबचं वजन तिथे काढू नका, सहाचं मिळून काढा आणि सहाने भागा. फरक १७६० आला तर स्लॅब २९३ चा. १८५० आला तर जाडी १८ नाही, १९ च्या आसपास आहे; पावती हातात ठेवून जाडी पुन्हा मोजून घ्या, कारण त्याच गाडीतून तुमचा जिनाही येतोय आणि पायऱ्यांची उंची मिस्त्रीने १८ धरून बांधलेली असणार.